हापूसच्या पेटीचा फीडबॅक: आंब्याचे मार्क वेगळे, कुरिअरचे वेगळे कसे करायचे? आणि मेसेज नक्की कधी टाकायचा?

बागवाली
नमस्कार मंडळी. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, फार मोठी नाही, मी आणि माझे दीर मिळून बघतो. आधी सगळा माल वाशीला जायचा, आता निम्म्याहून जास्त पेट्या एक डझन-दोन डझनच्या खोक्यातून थेट कुरिअरने पुणे, नाशिक, नागपूर, बंगळूरला जातात. पुतण्याने वेबसाईट केलीय आणि अशी सोय लावलीय की कुरिअरकडून "डिलिव्हर्ड" आलं की लगेच गिऱ्हाईकाला व्हॉट्सॅपवर लिंक जाते, "आमच्या आंब्यांना किती स्टार?"

आता गंमत बघा. आंबा पोचतो तेव्हा हिरवा असतो, गवतात चार-पाच दिवस ठेवायचा असतो, हे आम्ही खोक्यात छापील कागदावर लिहितो. तरी लोक त्याच दिवशी स्टार देऊन टाकतात. कोणी पाच देतं "पॅकिंग मस्त" म्हणून, अजून आंबा चाखलेला पण नाही. कोणी एक देतं, खाली लिहितं "दोन दिवस उशीर, डिलिव्हरी बॉय उद्धट, खोकं वॉचमनकडे टाकून गेला". आणि पेजवर दिसतं काय, तर हापूस ए ग्रेड, एक स्टार. दीर म्हणतात कुरिअरवाल्या तक्रारींचे स्टार सरळ उडवून टाक, आपला काय दोष. पुतण्या म्हणतो लिंक सात दिवसांनी पाठवू. मला दोन्ही पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, तुम्ही विचारता काय आणि कधी?

झटपट_पाटील
ताई, फीडबॅक जितका लवकर तितका चांगला, हा साधा नियम आहे. पार्सल हातात असताना माणूस उत्तर देतो, आठवड्याने कोण विचारतंय. मी मोबाईल कव्हर विकतो, डिलिव्हरीनंतर तासाभरात मेसेज, भरपूर लोक स्टार देतात. सात दिवस थांबलात तर अर्धे लोक विसरतील कोणाकडून घेतले होते ते. माझं मत, आहे तेच चालू ठेवा, फक्त मेसेज गोड करा.

चिंचेचं_बुटुक
मोबाईल कव्हर पिकायला ठेवत नाहीत हो पाटील 😄

वऱ्हाडी_ठेचा
चांगला विषय काढला. मला पण हाच त्रास झाला, दिवाळीत ऑनलाईन कुर्ता मागवला, एक्सेल सांगितला आला मीडियम, परत न्यायला येतो म्हणाले आणि आलेच नाहीत, वरून ट्रॅकिंगवर "कस्टमर नॉट अव्हेलेबल". मी घरातच होतो!! आता सांगा रिफंड कसा काढायचा? कोणाला तक्रार करायची?

बागवाली
दादा मी विकणारी आहे, घेणारी नाही. पण तुमचं "घरातच होतो" हे आमच्या गिऱ्हाईकांकडूनही ऐकलंय.

चिंचेचं_बुटुक
ठेचा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, ऑर्डर नंबर हाताशी ठेवून फोन करा. बाकी वेगळा धागा काढा, इथे आंबे चाललेत.

भिवंडी_गोदाम
मी बरीच वर्षं एका कुरिअर कंपनीच्या हबवर काढली, आता एका ऑनलाईन दुकानाचं डिस्पॅच बघतो. ताईंच्या प्रश्नात मला दोन नाही, चार माणसं दिसतात. बाग, पॅकिंग, कुरिअर आणि गिऱ्हाईकाचं स्वयंपाकघर. तुम्ही पॅकिंगला कुरिअरच्या खात्यात घालताय का बागेच्या, ते आधी ठरवा, कारण दहातल्या बऱ्याच "कुरिअरने खराब केलं" तक्रारी खोक्याच्या असतात.

कसं ओळखायचं सांगतो. खोक्याचा एकच कोपरा आत गेलाय आणि त्याच बाजूचे दोन-तीन आंबे चपटे, मऊ झालेत, तर ते कुठेतरी पडलंय किंवा आपटलंय. ते कुरिअरचं. पण बाहेरून खोकं धड आहे आणि आत खालच्या थरातले सगळेच आंबे थोडे थोडे दबलेत, तर ते पुठ्ठा कमी प्लायचा म्हणजे कमी थरांचा असण्याचं किंवा गवत कमी घातल्याचं लक्षण. हबवर खोक्यावर खोकी चढतात, चढणारच, "वर वजन ठेवू नये" चा स्टिकर रात्री दोन वाजता गाडी भरणारा वाचत नाही. ते गृहीत धरून खोकं बनवायचं असतं. हे गिऱ्हाईकाला स्टार विचारून कधीच कळणार नाही, खोक्याचा फोटो मागून कळतं.

दुसरं म्हणजे उशीर झाला का हे गिऱ्हाईकाला विचारूच नका. ते तुमच्याकडे आधीच आहे, पार्सलच्या एडब्ल्यूबी म्हणजे ट्रॅकिंग नंबरवर प्रत्येक स्कॅनची वेळ असते, कुठल्या हबला किती तास पडून होतं ते दिसतं. विचारायचं ते जे स्कॅनमध्ये दिसत नाही: हातात दिलं का गेटवर ठेवलं, फोन आला होता का, खोकं दबलेलं होतं का. बास.

आणि तिसरं, "डिलिव्हर्ड" या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. पोरं दिवसभर पार्सलं वाटतात, सोसायटीच्या गेटवर आठ पार्सलं एकत्र देतात आणि मग जिन्यात उभं राहून सगळी एकदम "डिलिव्हर्ड" मारतात. कधी वाटायच्या आधीच मारतात, टार्गेटची वेळ संपत आली म्हणून. त्यामुळे तुमचा तो झटपट मेसेज बरेचदा अशा माणसाला जातो ज्याने खोकं अजून बघितलेलंच नाही. तो वैतागून एक स्टार देणार नाही तर काय.

झटपट_पाटील
हे मान्य, गेटवाला प्रकार माझ्याकडे पण होतो. पण मग म्हणजे लवकर विचारायचंच नाही का? तुम्हीच म्हणताय खोक्याचा फोटो पाहिजे, खोकं तर लोक दुसऱ्या दिवशी भंगारात देतात.

भिवंडी_गोदाम
बरोबर पकडलंत. म्हणून खोक्याचा प्रश्न लवकरच विचारायचा, त्यात तुम्ही बरोबर आहात. आंब्याचा प्रश्न लवकर विचारायचा नाही. दोन मेसेज. पहिला डिलिव्हर्ड पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला, त्यात स्टार नाहीतच.

आमराई_रत्नांग्री
देवगडवाले पेट्या पाठवतात आणि मग स्टार मोजतात, आमच्या रत्नागिरीच्या आंब्याला विचारावं लागत नाही 😉

बरं चेष्टा पुरे. बागेच्या बाजूने मी भर घालतो. गिऱ्हाईक लिहितं "आंबा खराब निघाला", याचे निदान पाच अर्थ होतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा.

कापल्यावर आत गर पांढरट, स्पंजासारखा, कधी कोयीपाशी पोकळ, आणि बाहेरून आंबा सोन्यासारखा, तर तो साका. तो कुरिअरने होत नाही, गिऱ्हाईकाने ठेवण्यातल्या चुकीने पण होत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला-मला पण बाहेरून दिसत नाही. ते झाडावरचं, फळाच्या आतलं दुखणं. देठाकडून काळं पडून आत शिरत जातं ती देठकुज. सालीवर काळे ठिपके येऊन एकमेकांत मिसळत मोठे होतात तो करपा. दोन्ही रोग बागेतून येतात, पण गरम बंद गाडीत दोन दिवस जास्त गेले की तिथे फोफावतात, म्हणजे इथे बाग आणि कुरिअर दोघांची भागीदारी. साल सुरकुतली आणि चव पाणचट, तर कोवळा उतरवलाय, ती तोडणीची चूक. सालीवर चीक ओघळल्यासारखा भाजका पट्टा असेल तर देठ न ठेवता ओढून काढलाय. दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला आहे ना, त्याने देठासकट उतरवला तर हा प्रकार बराच कमी होतो.

आणि पाचवा, जो कोणी लिहीत नाही: हिरवा आंबा आल्या आल्या फ्रीजमध्ये. तेरा अंशाच्या खाली कच्चा हापूस ठेवला की तो नीट पिकतच नाही, सालीवर करडे-काळपट डाग येतात, आत आंबट राहतो. मग येतो मेसेज, "दहा दिवस झाले पिकले नाहीत, फसवणूक".

म्हणून ताई, "आंबे कसे होते" असं विचारू नका. "कापल्यावर फोटो पाठवा" असं म्हणा. एका फोटोत निम्मं निदान होतं.

बागवाली
दादा, फ्रीजचं विचारायचं कसं पण? "तुम्ही फ्रीजमध्ये ठेवले होते का" असं विचारलं की माणूस लगेच चिडतो, म्हणजे आमचीच चूक काढताय का.

आमराई_रत्नांग्री
चिडणारच. मी विचारतो, "पिकायला कुठे ठेवलेत? गवतात, खोक्यात, तांदळात की अजून कुठे?" "अजून कुठे" मध्ये फ्रीज आपोआप बाहेर येतो. आणि हा प्रश्न तक्रार आल्यावर नाही, पहिल्याच मेसेजमध्ये सूचना म्हणून टाकायचा. तेव्हा आंबा वाचतो तरी.

प्रश्नावली
मी सर्व्हे डिझाईनचं काम करते (आंब्यांचा नाही, बँकांचा). दोन गोष्टी.

एक, लोक स्टार देताना वस्तूला मार्क देत नाहीत, त्या क्षणीच्या आपल्या मूडला देतात. तुम्ही एकच चौकट दिली तर राग त्याच चौकटीत जाणार, कारण दुसरी जागाच नाही. कुरिअरचा प्रश्न आधी आणि वेगळा विचारला की तो राग तिथे सांडतो आणि आंब्याचा प्रश्न थोडा स्वच्छ मिळतो. यावर १९८३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, श्वार्झ आणि क्लोर यांचा. फोन करून लोकांना विचारलं आयुष्यात किती समाधानी आहात, तर ऊन असलेल्या दिवशी लोक जास्त समाधानी निघाले, पावसाळी दिवशी कमी. पण आधी सहज "तुमच्याकडे हवा कशी आहे" असं विचारलं तर तो फरक जवळपास गेला. माणसाला कळलं की आपल्याला उदास वाटतंय ते पावसामुळे.

प्रामाणिकपणे सांगते, नंतरच्या मोठ्या सर्व्हेंमध्ये हवामानाचा असा परिणाम फारसा दिसला नाही, त्यामुळे प्रयोग डोक्यावर घेऊन नाचू नका. पण प्रश्नांचा क्रम उत्तरं बदलतो हे मात्र रोजच्या कामात दिसतं.

दोन, कुरिअरला पाचपैकी किती, असं विचारून तुम्ही करणार काय? सरासरी ३.८ आली, पुढे? त्यापेक्षा हो-नाहीचे प्रश्न घ्या जे कुठल्यातरी निर्णयाला लागतात.

भिवंडी_गोदाम
शंभर टक्के. आणि तो निर्णय कुठला ते सांगतो. बहुतेक कुरिअरच्या अटींमध्ये नाशवंत माल नुकसानभरपाईतून वगळलेला असतो, तेव्हा दबलेल्या आंब्याचे पैसे कुरिअरकडून मिळतील या आशेवर राहू नका, आपली कराराची पानं एकदा वाचून घ्या. फीडबॅकचा खरा उपयोग पुढची पेटी कोणाकडून पाठवायची हे ठरवायला. एकच कंपनी पुण्यात उत्तम असते आणि नागपूरला तिचीच फ्रँचायझी बेकार. म्हणून प्रत्येक उत्तरासमोर एडब्ल्यूबी, कुरिअरचं नाव आणि पिनकोड पाहिजे. पिनकोडचे पहिले तीन आकडे घेऊन चाळणी लावा, म्हणजे एकाच भागातले एकत्र येतात. तिथे गेटवर टाकणं, खोकं दबणं सारखं सारखं दिसलं की त्या भागासाठी दुसरी कंपनी. अनेक कुरिअर कंपन्या एकाच ठिकाणी देणाऱ्या अॅग्रीगेटरमधून बुक करत असाल तर हे एका क्लिकचं काम आहे.

बंगळुरी_पोहे
गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलतो, मी इथे बंगळूरात दरवर्षी कोकणातून दोन डझन मागवतो. एकतर मला दिवसाला इतके "रेट अस" येतात की मी न वाचता डिलीट करतो. आणि दुसरं, मला हे आवडत नाही की विक्रेता म्हणतो "तो कुरिअरचा प्रॉब्लेम आहे". अरे कुरिअर मी निवडला का? मी पैसे तुम्हाला दिले, माझ्यासाठी दाराशी आलेली पेटी म्हणजेच तुमचा माल. तुम्ही आत वाटण्या काय करायच्या त्या करा.

बागवाली
पोहे, हे लागलं पण खरं आहे. मग दिरांचं म्हणणं चूक ना? कुरिअरवाले स्टार उडवायचे हे?

चिंचेचं_बुटुक
उडवणं चूकच. २०२२ साली बीआयएसने म्हणजे भारतीय मानक ब्युरोने ऑनलाईन रिव्ह्यूंसाठी मानक काढलंय, आयएस १९०००, ऐच्छिक आहे, सक्ती नाही, पण रोख हाच की नको ते रिव्ह्यू निवडून दडवायचे नाहीत.

दुकानदार_ऑनलाईन
अॅमेझॉनवर हे कसं चालतं ते बघा, तिथे हा गुंता फार आधी सोडवायला घेतलाय. वस्तूचा रिव्ह्यू वेगळा आणि विक्रेत्याचा फीडबॅक वेगळा, दोन निरनिराळी पानं. वस्तूच्या रिव्ह्यूत डिलिव्हरीची रड लिहिली तर ती नियमात बसत नाही. आणि माल अॅमेझॉनच्या गोदामातून गेला असेल आणि गिऱ्हाईकाने विक्रेत्याला डिलिव्हरीवरून शिव्या घातल्या, तर त्या ओळीवर काट मारून खाली लिहितात की या डिलिव्हरीची जबाबदारी आमची. लक्षात घ्या, पुसत नाहीत, काट मारतात, वाचता येतं.

ताई तुमच्या साईटवर पण तसंच करा. रिव्ह्यू राहू दे, खाली उत्तर लिहा, फक्त आंब्याच्या सरासरीत तो आकडा धरू नका आणि तसं पानावर स्पष्ट लिहा.

वेळेचं म्हणाल तर तिथे विक्रेत्याला "रिक्वेस्ट अ रिव्ह्यू" चं बटण मिळतं ते डिलिव्हरीनंतर पाचव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत. आधी दाबताच येत नाही.

बंगळुरी_पोहे
"सरासरीत धरू नका" हे मला अजून पटत नाहीये. उन्हात चार दिवस पडून आंबा उतरला तर ती आंब्याची चव नाही का?

दुकानदार_ऑनलाईन
उतरला असेल तर धरायचा. पोरगा उद्धट होता म्हणून एक स्टार असेल तर नाही धरायचा. मधलं मात्र कोण ठरवणार, हा प्रश्न आहेच.

पुतण्या_बागवालीचा
मी तो पुतण्या 🙋‍♂️ काकूने लिंक पाठवली. मग डिलिव्हरीपासून सात दिवस हा माझा हिशोब ठीक आहे ना? अॅमेझॉनच्या पाच ते तीस मध्ये बसतो.

आमराई_रत्नांग्री
नाही रे बाबा. घड्याळ डिलिव्हरीपासून लावायचं नाही, तोडणीपासून लावायचं. आंब्याला काय माहीत डिलिव्हर्ड झालं म्हणून, तो गाडीत पण पिकतोच आहे.

समज ६ एप्रिलला उतरवला, ७ ला पेटी भरली. पुण्याची पेटी ९ ला पोचली. एप्रिलच्या हवेत तोडणीपासून साधारण आठ-दहा दिवसांनी आंबा खायला येतो, म्हणजे १४ ते १६. नागपूरची पेटी मध्ये रविवार येऊन १३ ला पोचली. तुझ्या हिशोबाने पुण्याला मेसेज १६ ला, तो योगायोगाने ठीक. नागपूरला मेसेज २० ला. पण नागपूरचा आंबा पण १४ ते १६ लाच पिकणार, उलट तिकडच्या उन्हात आधीच. २० तारखेपर्यंत पेटी संपली, नाहीतर उरलेले सडून कचऱ्यात गेले, आणि तू विचारतोस कसे आहेत. म्हणजे पेटी जितकी उशिरा पोचेल तितकं डिलिव्हरीनंतर लवकर विचारायला पाहिजे. सात दिवसांचा नियम नेमका उलटा चालतो.

पुतण्या_बागवालीचा
अरे हो!! मग शीटमध्ये तोडणीची तारीख टाकतो. असं चालेल का? B मध्ये तोडणी, C मध्ये पोचल्याची तारीख:

```
=MAX(B2+10, C2+2)
```

म्हणजे पुण्याला १६. नागपूरला १६ आणि १५ मधला मोठा, म्हणजे १६ च. अगदीच उशीर होऊन १५ ला पोचली तर १७. निदान दोन दिवस तरी माणसाच्या घरात पेटी असेल.

आमराई_रत्नांग्री
झकास. फक्त तो १० चा आकडा एप्रिल महिन्यापुरता. मे मध्ये उकाडा वाढला की ८ कर, फेब्रुवारी-मार्चच्या सुरुवातीच्या मालाला १२ पण लागू शकतात. दर आठवड्याला घरी त्याच तोडणीची एक पेटी बाजूला ठेव, ती कधी पिकते ते बघून आकडा बदल. आमच्याकडे आई वास घेऊन सांगते, "आज पाठव मेसेज".

पुतण्या_बागवालीचा
आणि डिलिव्हर्ड खोटं पडलं असेल तर C च चुकीचा ना?

भिवंडी_गोदाम
म्हणून तर पहिला मेसेज. "पेटी मिळाली का" ला हो आलं तर ती तारीख C मध्ये. नाही आलं तर तुला त्याच सकाळी कळलं की पेटी कुठेतरी अडकलीय, फोन लाव.

झटपट_पाटील
एक टेक्निकल. व्हॉट्सॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांना जातच नाही. आणि एपीआयने टेम्प्लेट पाठवत असाल तर त्यात "पुढच्या ऑर्डरवर शंभर रुपये सूट" असलं काही घुसवू नका, ऑर्डरसंबंधीचा मेसेज व्हॉट्सॅपच्या युटिलिटी प्रकारात बसतो, ऑफर घातली की तो मार्केटिंग प्रकारात जातो, जास्त पैसे. गिऱ्हाईकाने रिप्लाय केला की पुढचे चोवीस तास तुम्ही साधं काहीही लिहू शकता, तेव्हा पहिला मेसेज रिप्लाय येईल असा ठेवा.

प्रश्नावली
सूट घालू नका याला अजून एक कारण: सूट मिळते म्हटल्यावर येणारे पाच स्टार तुमच्या कामाचे नाहीत.

जोशीकाका_डोंबिवली
एवढं सगळं कशाला? आमच्या आंबेवाल्या वहिनी पेटी पोचली की फोन करतात, पुन्हा आठवड्याने करतात, "भावोजी, गोड निघाले ना?" आम्ही सांगतो गोड. संपलं. गेली कित्येक वर्षं तिथूनच घेतो.

प्रश्नावली
काका, वहिनींना "नाही, दोन साके निघाले" असं तोंडावर कधी सांगितलंत?

जोशीकाका_डोंबिवली
नाही बुवा. एवढ्या लांबून प्रेमाने फोन करतात. दोन-तीन दरवर्षी निघतात, टाकून देतो.

प्रश्नावली
तेच म्हणतेय.

बागवाली
काकांचं वाचून हसले, पण आमचेही असे बरेच जण असतील जे गप्प टाकून देतात.

बरं, काल रात्री आम्ही तिघांनी बसून दोन मेसेज लिहिले, बघा आणि सुधारा.

पहिला, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी:
"नमस्कार, देवगडहून पाठवलेली आंब्याची पेटी मिळाली का? खोकं कुठे दबलेलं-भिजलेलं असेल तर टाकण्याआधी एक फोटो पाठवा. पेटी तुमच्या हातात दिली की गेटवर ठेवली, तेही कळवा. आंबे अजून कच्चे आहेत, खोलीतच गवतात एकेरी थरात ठेवा, पिकल्याशिवाय फ्रीजमध्ये नको."
खाली तीन बटणं: "मिळाली, ठीक आहे", "मिळाली, दबलीय", "मिळाली नाही".

दुसरा, शीटमधल्या तारखेला, संध्याकाळी:
"आता आंबे पिकले असतील. डझनातले किती चांगले निघाले आणि किती टाकावे लागले? टाकलेल्यांचा कापलेला फोटो असेल तर पाठवा, आम्हाला कारण कळतं. अजून पिकले नसतील तर तसं लिहा, आम्ही दोन दिवसांनी विचारू."
आणि याला उत्तर आलं की मगच वेबसाईटवर रिव्ह्यूची लिंक. चांगलं उत्तर आलं तरी आणि वाईट आलं तरी, दोघांना तीच लिंक, हे पुतण्याला बजावलंय.

प्रश्नावली
"डझनातले किती टाकले" हे फार छान, स्टारपेक्षा कितीतरी बरं. दोन्हीकडे लिंक पाठवताय तेही बरोबर, नाहीतर फक्त खूश लोकांकडूनच रिव्ह्यू गोळा होतात. एकच बदल, पहिल्या मेसेजात तुम्ही तीन कामं सांगताय. गेटवाला प्रश्न बटण दाबल्यावर पुढे विचारा.

भिवंडी_गोदाम
फोटो खोक्याच्या लेबलासकट मागा. लेबल दिसलं की एडब्ल्यूबी जुळवायला सोपं जातं, नाहीतर दबलेलं खोकं कोणाचं ते नंतर शोधत बसाल.

बंगळुरी_पोहे
मला असा मेसेज आला तर मी उत्तर देईन. पण दोन टाकले असं कळवलं तर पुढे काय? पैसे परत, का पुढच्या वर्षी दोन जास्त, का नुसतं "कळवल्याबद्दल आभार"?

आमराई_रत्नांग्री
आम्ही साक्याचे पैसे देत नाही, डझनामागे एखादा निघणारच, ते सगळ्यांना आधीच सांगतो. दोनपेक्षा जास्त निघाले तर देतो. खोक्यामुळे दबले तर सगळ्यांचे देतो, कुरिअरकडून मिळो न मिळो.

दुकानदार_ऑनलाईन
आमराईदादा, फोटो बघून साका ओळखता, पण तोच साक्याचा फोटो माणूस दुसऱ्याच्या पेटीतला पाठवेल त्याचं काय? मी दुसऱ्या मालात हे भोगलंय.

आमराई_रत्नांग्री
पाठवू दे की. एका आंब्यासाठी खोटं बोलणारा माणूस मला अजून फार भेटला नाही. तुमचा माल महाग असेल.

बागवाली
दिरांचं म्हणणं सगळ्यांना सरसकट एक आंबा जास्तच घालावा, तेराचा डझन, आणि पैशांची भानगडच नको. मी म्हणते मग किती टाकले ते लोक सांगणारच नाहीत, काकांसारखे. यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. या आठवड्याच्या तोडणीपासून मेसेज सुरू करतोय, नागपूरच्या पेट्या यावेळी निम्म्या दुसऱ्या कुरिअरने पाठवतोय. मेच्या शेवटी इथेच येऊन लिहीन काय दिसलं ते.

वऱ्हाडी_ठेचा
ताई नागपूरला असाल पाठवत तर माझा पत्ता घ्या, एक डझन. हातात द्यायला सांगा फक्त, मी घरातच असतो.